ऑनलाइन मागवलेली बरणी तडकलेली आली, विक्रेत्याला ईमेल कसा लिहावा?

मृण्मयी_सांगली

लोणच्याच्या हंगामाआधी हाताशी असाव्यात म्हणून पाच लिटरच्या दोन चिनीमातीच्या बरण्या मागवल्या. मोठ्या ॲपवरून नाही, विक्रेत्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. दुकान उत्तर प्रदेशातलं आहे. जोडीचे २,३८० रुपये यूपीआयने आधीच भरले होते.

खोका आला तेव्हा मी घरी नव्हते, कुरिअरवाला वॉचमनकडे ठेवून गेला. खोक्याचा एक कोपरा पार चेपलेला. तो बघूनच शंका आली, म्हणून उघडण्याआधी दोन फोटो काढले. आत एका बरणीच्या तोंडाशी टवका उडालाय आणि तिथून खाली पोटापर्यंत केसाएवढी रेघ गेलीय. दुसरी वरकरणी ठीक दिसते.

त्याच संध्याकाळी दुकानाच्या व्हॉट्सॲपवर फोटो टाकले. "धन्यवाद, लवकरच संपर्क करू" असं आपोआप येणारं उत्तर आलं आणि पुढे सगळं थंड. आता ईमेल करायचाय. मी लिहिलेला मसुदा असा:

> "मी तुमच्याकडून मोठ्या विश्वासाने बरण्या मागवल्या होत्या. पण तुम्ही फुटका माल पाठवून माझी फसवणूक केली आहे. तुमच्यासारख्या लोकांमुळेच ऑनलाइन खरेदीवरचा विश्वास उडतो. व्हॉट्सॲपवर सांगूनही तुम्ही दखल घेत नाही. त्वरित योग्य ती कारवाई करावी, अन्यथा मी ग्राहक न्यायालयात जाईन आणि सगळीकडे तुमची बदनामी करीन."

कसा वाटतो? आणखी एक अडचण आहे. त्यांच्या संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय की खोका उघडतानाचा व्हिडिओ असल्याशिवाय तक्रार घेतली जाणार नाही. माझ्याकडे व्हिडिओ नाही, फोटोच आहेत.

---

गोट्या_७७

मसुदा झकास! शेवटचं वाक्य ठळक करा. हे लोक असल्याच भाषेला वठणीवर येतात.

---

खटावकर

ताई, बरणी फोडली कुरिअरने. विक्रेत्याला शिव्या घालून काय उपयोग? कुरिअर कंपनीकडे नुकसानभरपाई मागा. त्यांच्याकडे मालाचा विमा असेल. आणि वॉचमनने सही करून खोका घेतला असेल तर कायद्याने तुम्ही माल स्वीकारला असं होतं, मग विक्रेता सुटला.

---

अनुराधा_ठाणे

खटावकर, अर्धं बरोबर, अर्धं नाही. बरणी कुरिअरच्या हातून फुटली असेलही. पण कुरिअरशी करार केला विक्रेत्याने, पैसे दिले विक्रेत्याने, कुरिअरच्या कागदावर पाठवणारा म्हणून नावही त्याचंच. मृण्मयीने कुरिअरला फोन केला तर ते "पाठवणाऱ्याशी बोला" एवढंच म्हणतील, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. तिचा व्यवहार दुकानाशी झालाय, तक्रारही तिथेच.

सहीचं म्हणाल तर ती खोका मिळाल्याची सही, आतला माल धड असल्याची नव्हे. १९३० च्या माल विक्री कायद्यातसुद्धा माल तपासून बघायची रास्त संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असं धरत नाहीत. बंद खोका वॉचमनच्या टेबलावर पडलाय, त्यात कसली तपासणी? मात्र खोका चेपलेला दिसला तर कुरिअरच्या पोचपावतीवर "खोका चेपलेल्या अवस्थेत मिळाला" असा शेरा मारून घ्यावा हे खरं. हल्ली ओटीपी सांगितला की काम संपतं, शेरा लिहायला जागाच नसते. मग दारातच फोटो, तो मृण्मयीने काढलाय.

(मी ग्राहक संघटनेत तक्रारी लिहून द्यायचं काम करते. रोज एक तरी असला मसुदा हातात येतो.)

मृण्मयी, तुझा मसुदा वाचून त्या दुकानातल्या माणसाला काय कळेल? तू चिडलीयस एवढंच. ऑर्डर कुठली, आलं कधी, काय फुटलं, तुला नवी बरणी हवी की पैसे, यातलं काहीच नाही. "योग्य ती कारवाई" म्हटलं की त्याला योग्य वाटेल ते तो करणार, म्हणजे काहीच नाही. आणि "फसवणूक" काढून टाक. वाटेत फुटणं म्हणजे फसवणूक नव्हे, त्या शब्दाने समोरचा बचावात जातो. बदनामीची धमकी तर लेखी देऊच नकोस. पुढे प्रकरण ग्राहक आयोगासमोर गेलं तर हाच ईमेल तो पहिला दाखवेल.

---

सुलभाकाकू

मृण्मयी, मी तुला आधी वेगळंच विचारते. ती रेघ नक्की तडाच आहे ना? चिनीमातीच्या झिलईवर कधी कधी कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतात, त्या नुसत्या वरच्या थरात असतात. त्याने बरणी गळत नाही. (तरी लोणच्याला मी तसली घेत नाही, खाराचं पाणी त्या रेघांत मुरतं आणि वास धरतो.)

बघायची रीत सांगते. बरणी रिकामी कर, जाड कापडावर ठेव आणि बोटाच्या पेराने वाजव. धड असेल तर खणखणीत वाजते, आतपर्यंत तडा असेल तर बद्द आवाज येतो. दोन्ही बरण्या एकापाठोपाठ वाजवून बघ, फरक लगेच कळेल. मग काठोकाठ पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेव.

आणि कैऱ्या कुठल्या घेतल्यास? आमच्याकडे यंदा चांगल्या आंबट कैऱ्या अजून दिसल्याच नाहीत.

---

पॅकिंगमास्तर

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. मातीच्या पणत्या, कुल्हड आणि कप ऑनलाइन विकतो. राग येईल, पण दुकानाच्या आत काय चालतं ते सांगतो.

असा ईमेल आला की आम्हाला आधी तीन गोष्टी लागतात: ऑर्डर क्रमांक, खोक्यावरच्या चिठ्ठीचा फोटो ज्यात कुरिअरचा एडब्ल्यूबी, म्हणजे पार्सल ओळखायचा क्रमांक वाचता येतो, आणि खोक्याचा बाहेरून फोटो. कारण आम्हाला पुढे कुरिअरकडे दावा लावायचा असतो आणि त्यांची मुदत फार तुटपुंजी असते. ग्राहकाने आठवड्याने सांगितलं तर आमचा दावा गेला. दुकानं "२४ तासांत कळवा" म्हणतात ते बहुतेक यामुळेच. खोका आणि आतलं पॅकिंग फेकू नका, कुरिअरवाले पॅकिंगचे फोटो मागतात.

व्हिडिओची अट का, तेही सांगतो. जुना फुटका कप काढून "हाच आला" म्हणणारे ग्राहक असतात. मला भेटलेत. फोटोत तुम्ही कुठलीही फुटकी बरणी दाखवू शकता, व्हिडिओत चिठ्ठी लागलेल्या बंद खोक्यातून ती बाहेर येताना दिसते. त्यामुळे व्हिडिओशिवाय तक्रार आली की आमचा हात आखडतो.

---

गोट्या_७७

म्हणजे ग्राहक चोर? पैसे आधी घ्यायचे, मग आम्ही घरी शूटिंग लावायचं! मी तर सरळ बँकेत चार्जबॅक टाकतो. एकदा पैसे परत आलेत.

---

अनुराधा_ठाणे

गोट्या, तुमचं क्रेडिट कार्ड असणार. कार्डावर वाद नोंदवायची सोय असते आणि दुकानाने उत्तर द्यावं लागतं. मृण्मयीने यूपीआयने पैसे दिलेत. ते स्वतः मंजूर करून पाठवलेले पैसे, माल फुटका निघाला म्हणून बँक सहजी परत आणत नाही. तिच्यासाठी दुकानाकडूनच वसूल करणं हा रस्ता.

पॅकिंगमास्तर, तुमची अडचण कळते. पण व्हिडिओची अट ही तुमची सोय आहे, कायदा नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये व्हिडिओचा शब्दही नाही. स्वतःचा माल स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणाऱ्याला नियम ७ लागतो: माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही.

आता हेही खरं की व्हिडिओ नसेल तर आयोगापुढे सिद्ध करणं तिच्यावर येतं. पण पुरावा म्हणजे फक्त व्हिडिओ नव्हे. चेपलेल्या कोपऱ्याचा न उघडलेला फोटो, त्याच संध्याकाळचा व्हॉट्सॲप संदेश, फोटोवरची वेळ, आणि चेपलेला कोपरा नेमका बरणीच्या ज्या बाजूला आला त्याच बाजूला टवका, हे सगळं जुळत असेल तर ते व्हिडिओइतकंच बोलतं. मृण्मयी, असं जुळतं का?

---

मृण्मयी_सांगली

जुळतं! बरणी परत खोक्यात त्याच जागी ठेवून बघितली. तोंड आणि चेपलेला कोपरा एकाच बाजूला येतात. आणि एक नवीन दिसलं, दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा पडदा नाहीये. प्रत्येकीला बबल रॅपचा एकच वेढा आणि वर कागदाचे चार बोळे.

काकू, दोन्ही वाजवून बघितल्या. एक देवळातल्या घंटेसारखी आणि दुसरी बद्द. रात्री पाणी भरून ठेवलं होतं, सकाळी कागदावर ओलं कडं उमटलंय आणि पाणी बोटभर खाली गेलंय. म्हणजे तडा आरपार आहे. ओल्या कागदाचा फोटो काढलाय. (कैऱ्या अजून नाही घेतल्या, बरणीच नाही तर!)

---

स्टुटगार्टकर

एवढा काथ्याकूट कशाला? चौदा दिवसांत कारण न देता परत करता येतं ना? आम्ही तर इथे बूट घालून बघतो आणि परत पाठवतो.

---

अनुराधा_ठाणे

ते युरोपात. भारतात "मन बदललं" म्हणून ऑनलाइन माल परत करायचा सरसकट कायदेशीर हक्क नाही, तिथे दुकानाचं धोरण चालतं. म्हणूनच ईमेलमध्ये "नापसंत", "आवडली नाही" असे शब्द येऊ देऊ नयेत. इथे मुद्दा दोषाचा आहे, आवडीचा नाही.

---

खटावकर

पण अनुराधाताई, "सदोष" म्हणजे बनवतानाच दोष असलेला माल ना? दुकानातून धड निघाली, वाटेत फुटली, तर ती सदोष कशी? हे शब्दांशी खेळणं नाही, विक्रेता हेच म्हणणार.

---

पॅकिंगमास्तर

खटावकरांचा मुद्दा मलाही पटतो. आमच्या अटींत आम्ही लिहितो की कुरिअरच्या ताब्यात दिल्यावर जोखीम ग्राहकाची.

---

अनुराधा_ठाणे

प्रश्न चांगला आहे आणि वकील यावर भांडतात. माल विक्री कायद्यात जोखीम मालकीबरोबर जाते आणि माल वाहतूकदाराच्या ताब्यात देणं म्हणजे ग्राहकाला देणं असं सकृद्दर्शनी मानतात. तेवढ्यावर पॅकिंगमास्तर जिंकतील. पण त्याच कलम ३९ मध्ये पुढे आहे की मालाचं स्वरूप बघून विक्रेत्याने वाहतुकीचा रास्त करार करायला हवा. तो केला नाही आणि माल वाटेत बिघडला, तर ग्राहक "मला माल मिळालाच नाही" असं म्हणू शकतो. पाच लिटरची चिनीमातीची बरणी मध्ये पडदा न घालता पाठवणं हाही निष्काळजीपणाच, असं आयोगापुढे मांडता येतं. शिवाय जाहिरातीत लोणच्याची बरणी होती, हाती आली ती पाणीसुद्धा धरत नाही.

म्हणून मृण्मयी, ईमेलमध्ये पॅकिंगचं वाक्य घालच. कुरिअरने आदळली की आधीच तडकली होती, या वादात तू पडायचं नाही. दोन्हीपैकी काहीही असलं तरी उत्तर दुकानाने द्यायचंय.

---

निशिगंध

माझ्या बहिणीला आम्ही दिवाळीत पुण्याहून अमेरिकेला फराळ पाठवला होता. चकल्यांचा नुसता चुरा, आणि लाडवाचा डबा फुटून सगळं तेलकट. कुरिअर म्हणतो पावतीमागे लिहिलंय तेवढेच मिळतील. मीही हेच नियम ७ दाखवू का?

---

अनुराधा_ठाणे

नाही निशिगंध, तुमचं उलट आहे. तिथे पाठवणारे तुम्हीच, करार तुमचा आणि कुरिअरचा. सही केलेल्या पावतीवर भरपाईची मर्यादा छापलेली असेल तर ती बांधील ठरते असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका कुरिअर प्रकरणात म्हटलंय. फराळाची किंमत आधी जाहीर करून विमा काढला होता का, ते बघा. वेगळा धागा काढा, इथे सरमिसळ होईल.

मृण्मयी, हा घे मसुदा. मराठीत देते, तू हिंदीत करून पाठव. दुकानाला वाचता आला पाहिजे.

> विषय: ऑर्डर क्र. (क्रमांक) – पाच लिटर बरणी तडकलेली मिळाली – बदली बरणी किंवा पैसे परत मिळण्याबाबत
>
> महोदय,
>
> मी २८ एप्रिल रोजी वरील ऑर्डरने पाच लिटरच्या दोन चिनीमातीच्या बरण्या मागवल्या. रक्कम २,३८० रुपये, यूपीआय व्यवहार क्रमांक (क्रमांक). पार्सल ६ मे रोजी मिळाले, एडब्ल्यूबी क्रमांक (क्रमांक).
>
> खोक्याचा एक कोपरा चेपलेला होता. न उघडलेल्या खोक्याचा फोटो सोबत आहे. आतील एका बरणीच्या तोंडाचा टवका उडालेला असून तिथून पोटापर्यंत तडा गेला आहे. पाणी भरून ठेवले असता ते पाझरते, त्याचाही फोटो जोडला आहे. ही झिलईवरची रेघ नाही. दोन बरण्यांच्या मध्ये पुठ्ठ्याचा पडदा नव्हता, प्रत्येकीला बबल रॅपचा एकच थर होता.
>
> हे मी ६ मे रोजीच सायंकाळी आपल्या व्हॉट्सॲप क्रमांकावर कळवले आहे. संदेशाचे चित्र सोबत आहे.
>
> माझी मागणी अशी: तडकलेल्या बरणीच्या बदल्यात त्याच मापाची धड बरणी पाठवावी आणि तडकलेली आपल्या खर्चाने परत न्यावी. बरणी शिल्लक नसल्यास त्या बरणीची रक्कम, ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी. कूपन किंवा पुढील खरेदीवरील सवलत मला नको आहे.
>
> कृपया तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि तक्रार क्रमांक द्यावा. आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनाही ही प्रत पाठवत आहे. आपण काय करणार ते १५ मेपर्यंत कळवावे.
>
> बरण्या, खोका आणि पॅकिंग जसेच्या तसे ठेवले आहे.
>
> नाव, पाठवणीचा पत्ता, ऑर्डरमधील मोबाइल क्रमांक

४८ तास मी मनाने घातलेले नाहीत. त्याच २०२० च्या नियमांत तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असं आहे. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असायलाच हवा. "संपर्क" किंवा "अटी व शर्ती"च्या पानावर बघ. नसेल तर ते पान तसंच्या तसं स्क्रीनशॉट काढून ठेव, तीही त्यांची चूकच. परताव्याच्या धोरणाचं पानही आजच साठव. तक्रारीनंतर असली पानं बदललेली मी पाहिली आहेत.

---

पॅकिंगमास्तर

मसुदा वाचला. असा आला तर मी बरणी पाठवून मोकळा होईन, हे प्रामाणिकपणे सांगतो. दोन सूचना. फोटो पाच-सहाच जोडा आणि आकार लहान करा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, त्यापुढे गेलं की ड्राइव्हची लिंक जाते आणि ती उघडायची परवानगीच नसते. आमच्याकडे असे ईमेल "फोटो उघडत नाही" म्हणून आठवडाभर पडून राहतात. आणि पुढचं सगळं त्याच ईमेलला उत्तर म्हणून लिहा. दर वेळी नवा ईमेल टाकला की दर वेळी नवा माणूस वाचतो आणि पहिल्यापासून सगळं विचारतो.

---

गोट्या_७७

प्रतिसाद काढून टाकला आहे.

---

मृण्मयी_सांगली

पाठवला. दुसऱ्या दिवशी तक्रार क्रमांकासह उत्तर आलं! पण मजकूर बघा: "हस्तनिर्मित वस्तूंमध्ये झिलईवर बारीक रेघा असणे नैसर्गिक आहे. व्हिडिओ नसल्याने आम्ही बदली देऊ शकत नाही. सदिच्छा म्हणून पुढील खरेदीवर २० टक्के सवलतीचे कूपन देत आहोत."

म्हणजे ईमेल वाचलाच नाही?

आणि एक विचित्र प्रकार. मी वैतागून त्यांच्या समाजमाध्यमावरच्या पानावर ऑर्डर क्रमांकासकट लिहिलं होतं. तासाभरात एका अनोळखी क्रमांकावरून फोन, "रिफंड विभागातून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील."

---

स्टुटगार्टकर

पिन टाकला नाहीस ना?? पैसे घ्यायला पिन लागतच नाही. पिन टाकला की पैसे जातात. ती पोस्ट आधी काढून टाक.

---

मृण्मयी_सांगली

नाही टाकला, फोन आपटला. पोस्ट काढलीय.

---

अनुराधा_ठाणे

कूपन स्वीकारू नकोस आणि वापरू तर अजिबात नकोस, मग "तक्रार मिटली" असं होतं. त्याच ईमेलला छोटं उत्तर दे. मागचं सगळं परत लिहायचं नाही:

> "आपल्या उत्तराबद्दल आभार. कूपन मला मान्य नाही. झिलईवरच्या रेघेतून पाणी पाझरत नाही, या बरणीतून पाझरते. फोटो क्र. ४ पाहावा. न उघडलेल्या चेपलेल्या खोक्याचा फोटो क्र. १ आणि त्याच दिवशीचा संदेश पाहता व्हिडिओची गरज उरत नाही. माझी मागणी कायम आहे. १५ मेपर्यंत निर्णय न कळल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन."

इथे हेल्पलाइनचं नाव घ्यायला हरकत नाही, कारण ही धमकी नसून पुढची पायरी आहे. क्रमांक १९१५, किंवा consumerhelpline.gov.in. मराठीतही बोलता येतं. पण ते न्यायालय नव्हे, विक्रेत्याला तक्रार पाठवून तडजोड घडवायचा प्रयत्न करतात. छोटी दुकानं कधी तिथेही उत्तर देत नाहीत.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दुकान उत्तर प्रदेशात असलं तरी तक्रार सांगलीत दाखल करता येते, २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथल्या आयोगात जाता येतं. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं आणि ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दाखल होते. पण एका बरणीसाठी तारखा मोजायच्या का, ते तुझं तू ठरव. मी तरी आधी हेल्पलाइनपर्यंतच जाईन.

---

खटावकर

मला अजूनही वाटतं की आयोगात "वाटेत फुटली"चा मुद्दा विक्रेता जोरात मांडेल.

---

अनुराधा_ठाणे

मांडू दे. म्हणूनच पॅकिंगचे फोटो.

---

मृण्मयी_सांगली

ताजी बातमी. दुसरा कोणीतरी माणूस, बहुधा मालकच, फोनवर बोलला. पाण्याचा फोटो बघितला म्हणाला. बदली बरणी द्यायला तयार आहे, पण दोन अटी. एक, जोडी म्हणून विकली होती तर दोन्ही परत पाठवा. दोन, त्यांचा कुरिअर आमच्या पिनकोडवरून परतीचा माल उचलत नाही, म्हणून मी पोस्टाने पाठवायची. खर्च नंतर देतो म्हणतो.

धड बरणी परत पाठवून ती वाटेत फुटली तर?

---

सुलभाकाकू

धड बरणी हातची सोडू नकोस! तिच्यात मीठ भरून ठेव, सांग वापरात आहे म्हणून.

---

पॅकिंगमास्तर

काकू, तसं नका करू. वापरलेला माल म्हटलं की तो परत फाटे फोडेल.

मी मालकाच्या जागी असतो तर फुटकी बरणी परत मागवलीच नसती. मला तिचा काय उपयोग, वर परतीचं भाडं! खूप दुकानं "तुमच्याकडेच मोडून टाका आणि तुकड्यांचा फोटो पाठवा" म्हणतात. तसं सुचवा त्यांना. मात्र त्यांचं लेखी "हो" आल्याशिवाय मोडू नका, एकदा मोडली की पुरावा गेला.

---

अनुराधा_ठाणे

पटलं. आणि फोनवर झालेलं सगळं त्याच ईमेलमध्ये उतरव: "आज दूरध्वनीवर झालेल्या बोलण्यानुसार आपण बदली बरणी द्यायला तयार आहात..." आणि खाली तुझा प्रस्ताव. परत पाठवायचीच म्हणाले तर फक्त तडकलेली, आणि भाडं आधी. परतीचा खर्च कोणाचा हे दुकानाने आधीच स्पष्ट लिहिलेलं असायला हवं. त्यांच्या धोरणाच्या पानावर काय आहे?

---

मृण्मयी_सांगली

तिथे परतीच्या खर्चाबद्दल एक अक्षर नाही. स्क्रीनशॉट आहे.

---

अनुराधा_ठाणे

मग हेच वाक्य ईमेलमध्ये घाल, स्क्रीनशॉट जोड.

---

मृण्मयी_सांगली

त्यांचं लेखी उत्तर आलं. फुटकी परत नको, मोडून फोटो पाठवा, नवी बरणी पाठवतो, या वेळी मध्ये थर्माकोल घालून. एडब्ल्यूबी क्रमांक अजून दिलेला नाही. तो येईपर्यंत मी मोडत नाहीये.

---

खटावकर

बरोबर. आणि या वेळी व्हिडिओ काढा बुवा.

---

गोट्या_७७

मोडायची कशाला, तुळस लावा. तडा आहे तर पाणी आपोआप झिरपेल.

---

पॅकिंगमास्तर

गोट्याभाऊ, त्यांना तुकड्यांचा फोटो हवाय, तुळशीचा नाही.